कॉस्ट सेंटर, कॉस्ट युनिट आणि कॉस्ट ऑब्जेक्ट: मसाल्याच्या एका कारखान्यातून उलगडा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या तिन्ही शब्दांत नेमका फरक काय?

तिघे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. खर्च कुठे झाला, याचे उत्तर कॉस्ट सेंटर. खर्च कोणत्या मापाने सांगायचा, याचे उत्तर कॉस्ट युनिट. आणि खर्च कशाचा काढायचा आहे, याचे उत्तर कॉस्ट ऑब्जेक्ट. मराठी पुस्तकांत पहिल्या दोघांना परिव्यय केंद्र आणि परिव्यय एकक म्हणतात. वर्कशॉपमध्ये आणि अकाउंट्समध्ये मात्र सगळे इंग्रजी शब्दच वापरतात, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत.

व्याख्या पाठ करून फरक कळत नाही. तीनही शब्द एकाच कारखान्यात लावून पाहिले की कळतो.

मग कारखाना कोणता घ्यायचा?

उदाहरणासाठी एक लहान मसाला कारखाना घेऊ. आकडे हिशेब नीट दिसावा म्हणून घेतलेले आहेत. त्यात दोनच माल तयार होतात: महिन्याला ३,००० किलो मिरची पूड आणि २,००० किलो कांदा-लसूण मसाला. मिरची पूड अर्ध्या किलोच्या पाकिटात जाते, म्हणजे ६,००० पाकिटे. मसाला पाव किलोच्या पाकिटात जातो, म्हणजे ८,००० पाकिटे.

दोन्ही मालांचा रस्ता सारखा नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. मिरची थेट कांडपाला जाते आणि तिथून पॅकिंगला. मसाल्याचा कांदा, खोबरे, तीळ, धणे आधी भाजावे लागतात, मग कांडप, मग पॅकिंग. शिवाय खोबऱ्या-तिळाच्या तेलामुळे मसाला यंत्रात हळू चालतो. मिरची तासाला २५ किलो निघते, तर मसाला जेमतेम साडेबारा किलो.

यात कॉस्ट सेंटर कोणती?

चार: भाजणी, कांडप, पॅकिंग आणि देखभाल. पहिल्या तीन ठिकाणी मालावर प्रत्यक्ष काम होते, म्हणून ती उत्पादन केंद्रे. देखभालीत एक फिटर आणि त्याची हत्यारांची खोली आहे. तो मालाला हात लावत नाही, इतर विभागांची यंत्रे चालू ठेवतो, म्हणून ते सेवा केंद्र.

परीक्षेत व्यक्तिगत आणि अव्यक्तिगत असाही प्रकार विचारतात. फिटर किंवा सेल्समन हा स्वतः केंद्र धरला तर व्यक्तिगत. विभाग, यंत्र किंवा जागा धरली तर अव्यक्तिगत. प्रत्यक्ष कामात या वर्गीकरणाचा फारसा उपयोग होत नाही.

किती केंद्रे करायची हे कसे ठरवतात?

कागदावर वीस केंद्रे करता येतात, पण प्रत्येक केंद्राला दोन गोष्टी हव्यात. तिथला खर्च वेगळा मोजता यायला हवा, आणि त्या खर्चाचा जाब देणारा एक माणूस हवा. याशिवाय तिसरी कसोटी, जी विद्यार्थी विसरतात: वेगवेगळे माल त्या जागेचा वेगवेगळ्या प्रमाणात वापर करतात का?

आपल्या कारखान्यात भाजणी आणि कांडप एकत्र करून ‘प्रक्रिया विभाग’ असे एकच केंद्र केले, तर मिरचीवर भाजणीच्या गॅसचा भार पडेल. मिरची तर कढईजवळ जातही नाही. म्हणून ती दोन केंद्रे वेगळीच हवीत. उलट पॅकिंगमध्ये वजन करणे, सील मारणे आणि खोक्यात भरणे ही तीन केंद्रे करण्यात अर्थ नाही. प्रत्येक पाकीट तिन्हीतून जातेच, त्यामुळे उत्तर तसूभरही बदलणार नाही. वाढेल ती फक्त नोंदींची कटकट.

खर्च केंद्रात कसा पोचतो? पायरीपायरीने सांगा.

कच्चा माल, पाकिटे आणि कामगारांची मजुरी हे कोणत्या मालासाठी लागले ते थेट दिसते. तो प्रत्यक्ष खर्च, त्याला केंद्रातून फिरवायची गरज नाही. प्रश्न असतो तो अप्रत्यक्ष खर्चाचा. या कारखान्यात तो महिन्याला २,१०,००० रुपये आहे.

पहिल्या पायरीला प्रत्येक खर्चाची पावती हातात घेऊन विचारायचे, हा एकाच केंद्राचा आहे का? गॅसचे ३६,००० पूर्णपणे भाजणीचे. फिटरचा २०,००० पगार पूर्णपणे देखभालीचा. असा खर्च सरळ त्या केंद्रावर टाकतात, याला अ‍ॅलोकेशन म्हणतात. विजेला प्रत्येक विभागात वेगळा सब-मीटर असेल तर तीही याच पायरीत सुटते. मीटर नसेल तर मोटारींचे हॉर्सपॉवर आणि चाललेले तास गुणून अंदाज करावा लागतो.

उरलेला खर्च सामाईक असतो, तो योग्य आधारावर वाटायचा. हे अपोर्शनमेंट. भाडे जागेच्या चौरस फुटांवर, सुपरवायझरचा पगार माणसांच्या संख्येवर. दोन्ही पायऱ्या झाल्यावर तक्ता असा दिसतो:

| खर्च (रु.) | आधार | भाजणी | कांडप | पॅकिंग | देखभाल |
|---|---|---|---|---|---|
| भाडे ४०,००० | ५००, ८००, ५००, २०० चौ. फूट | १०,००० | १६,००० | १०,००० | ४,००० |
| वीज ६०,००० | सब-मीटर | ६,००० | ४२,००० | ९,००० | ३,००० |
| गॅस ३६,००० | थेट | ३६,००० | – | – | – |
| घसारा २४,००० | त्या त्या विभागाची यंत्रे | ६,००० | १४,००० | ३,००० | १,००० |
| सुपरवायझर ३०,००० | ३, ४, ७, १ माणसे | ६,००० | ८,००० | १४,००० | २,००० |
| फिटर २०,००० | थेट | – | – | – | २०,००० |
| एकूण २,१०,००० | | ६४,००० | ८०,००० | ३६,००० | ३०,००० |

देखभालीचे ३०,००० तिथेच ठेवायचे का?

नाही. देखभालीतून कोणताही माल बाहेर पडत नाही, त्यामुळे तिचा खर्च तिथे राहिला तर तो किलोपर्यंत पोचणारच नाही. फिटरच्या वहीत महिन्याचे १५० तास नोंदलेले आहेत: भाजणीला ३०, कांडपाला ९०, पॅकिंगला ३०. म्हणजे तासाला २०० रुपये. त्या हिशेबाने ६,०००, १८,००० आणि ६,००० असे वाटप होते.

आता भाजणी ७०,०००, कांडप ९८,०००, पॅकिंग ४२,०००. बेरीज पुन्हा २,१०,००० येते का ते इथे थांबून तपासायचे. येत नसेल तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा देखभालीचा रकाना वाटूनही बेरजेत धरलेला असतो, आणि उत्तर २,४०,००० येते.

फिटरची वही नसेल तर अनेक जण हा खर्च तिन्ही विभागांत समान वाटतात. मग कांडपाचे ८,००० रुपये उगाच भाजणी आणि पॅकिंगच्या माथी बसतात.

आता कॉस्ट युनिट. ते इथे कोणते?

किलो. बाजारात भाव किलोवर ठरतो, उत्पादन किलोत मोजतात, आणि मागच्या महिन्याशी तुलनाही किलोवरच करता येते. कॉस्ट युनिट निवडताना त्या धंद्यातली माणसे ज्या मापात बोलतात तेच घ्यायचे. वीटभट्टीत हजार विटा, सूतगिरणीत किलो, वीजनिर्मितीत किलोवॅट-तास.

जिथे एका मापाने भागत नाही तिथे जोड एकक वापरतात. एसटीसाठी नुसता ‘प्रवासी’ चालत नाही, कारण एक जण पुढच्या गावी उतरतो आणि दुसरा थेट नागपूरपर्यंत जातो. म्हणून प्रवासी-किलोमीटर. रुग्णालयात त्याच कारणाने रुग्ण-दिवस.

भाजणीत घाण्याचा हिशेब, कांडपात तासाचा. मग घाणा आणि तास हीसुद्धा कॉस्ट युनिट झाली ना?

सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. नाही, ती खर्च आकारण्याची मापे आहेत. विभागाचा खर्च मालावर कोणत्या दराने टाकायचा, एवढेच ती सांगतात. कारखाना विकतो किलो, तास नव्हे.

भाजणीत २० किलोचा एक घाणा. महिन्यात २,००० किलो मसाला, म्हणजे १०० घाणे. ७०,००० भागिले १०० म्हणजे घाण्याला ७०० रुपये. चुलीजवळच्या पाटीवर प्रत्येक घाण्याला खडूची एक रेघ मारलेली असते. संध्याकाळी त्या रेघा वहीत उतरतात. हा दर त्या रेघांवर उभा आहे. रेघ मारायची राहिली तर तो घाणा हिशेबात फुकट भाजला गेला.

कांडपात मिरचीला ३,००० भागिले २५ म्हणजे १२० तास लागले, मसाल्याला २,००० भागिले साडेबारा म्हणजे १६० तास. एकूण २८०. ९८,००० भागिले २८० म्हणजे तासाला ३५० रुपये. पॅकिंगमध्ये १४,००० पाकिटे, ४२,००० रुपये, म्हणजे पाकिटाला ३ रुपये.

हे तीन दर वापरून शेवटी सगळे किलोवर आणायचे. मिरचीच्या एका किलोला कांडपाचे १४ आणि दोन पाकिटांचे ६, मिळून २० रुपये. मसाल्याच्या किलोला भाजणीचे ३५, कांडपाचे २८, चार पाकिटांचे १२, मिळून ७५ रुपये.

ताळा: २० गुणिले ३,००० म्हणजे ६०,०००. ७५ गुणिले २,००० म्हणजे १,५०,०००. बेरीज २,१०,०००.

एवढा खटाटोप कशाला? २,१०,००० ला ५,००० किलोने भागले तर किलोला ४२ रुपये सरळ येतात.

येतात, आणि बरेच छोटे कारखानदार तेच करतात. त्याचा परिणाम पाहा.

मिरचीचा प्रत्यक्ष खर्च किलोला २१४ रुपये धरू: घटीसकट कच्चा माल १९२, पाकिटे ४, मजुरी १८. मसाल्याचा २७३: कच्चा माल २१०, पाकिटे ६, मजुरी ५७. सरसकट ४२ लावले तर मिरची २५६ ला पडते आणि मसाला ३१५ ला. केंद्रवार हिशेबाने मिरची २३४ आणि मसाला ३४८.

समजा डीलरला मिरची २५० ने आणि मसाला ३४० ने जातो. सरसकट हिशेब सांगतो, मिरचीत ६ रुपये तोटा आणि मसाल्यात २५ नफा. मालक मिरची कमी करून मसाला वाढवेल. खरे चित्र उलटे आहे: मिरचीत १६ नफा, मसाल्यात ८ तोटा. मिरची दर महिन्याला मसाल्याचे ६६,००० रुपये भरत होती, किलोमागे २२ प्रमाणे. सरसकट दरात ते कधीच दिसत नाही.

सगळे माल सारख्याच रस्त्याने जात असतील तर मात्र सरसकट दर चालतो. फक्त मिरची कुटणाऱ्या कारखान्याला तीन केंद्रांचे दर काढून वेगळे काही हाती लागणार नाही.

कॉस्ट ऑब्जेक्ट मग वेगळे काय उरले? किलोचा खर्च तर निघाला.

किलोचा निघाला. पण कधी कधी प्रश्नच वेगळा असतो. हॉटेलांना माल पुरवणारा एक व्यापारी ४०० किलो मसाला मागतो, पाच-पाच किलोच्या ८० पिशव्यांत, जाडसर कुटलेला, गोदामापर्यंत पोचवून, भाव ३३० रुपये किलो. ३४८ चा आकडा समोर ठेवला तर ऑर्डर नाकारावी लागेल.

पण ३४८ हा पाव किलोच्या पाकिटातल्या मसाल्याचा खर्च आहे. इथे प्रश्न ‘या ऑर्डरचा खर्च किती?’ असा आहे, म्हणजे कॉस्ट ऑब्जेक्ट ही ऑर्डर आहे. तिचा हिशेब स्वतंत्र मांडायचा.

कच्चा माल ८४,०००. पिशव्या ८ रुपयांप्रमाणे ६४०. भाजणी आणि कांडपाची मजुरी किलोला ३३ प्रमाणे १३,२००. वीस घाणे, ७०० प्रमाणे १४,०००. कांडप ३२ तास, शिवाय जाडसर कुटण्यासाठी यंत्र बदलून साफ करायला दोन तास. ३४ तासांचे ३५० प्रमाणे ११,९००.

पॅकिंगला आपला पाकिटाचा दर इथे लागू पडत नाही. पाच किलोच्या पिशवीला तीन रुपये म्हणजे एकूण २४०, आणि दोन माणसे दिवसभर भरत होती. म्हणून माणसाच्या तासावर यायचे. पॅकिंगमध्ये सात जणांचे महिन्याला १,४०० तास होतात. विभागाचा अप्रत्यक्ष खर्च ४२,०००, म्हणजे तासाला ३० रुपये. पॅकिंगची मजुरी ८४,०००, म्हणजे तासाला ६०. ऑर्डरला १६ तास लागले: अप्रत्यक्ष ४८०, मजुरी ९६०. शेवटी टेम्पो १,८००.

एकूण १,२६,९८०. किलोला सुमारे ३१७ रुपये ४५ पैसे. व्यापारी देणार १,३२,०००. पूर्ण खर्च वजा जाऊनही ५,०२० रुपये उरतात. मसाला तोच, केंद्रेही तीच, पण ऑब्जेक्ट बदलल्यावर उत्तर बदलले.

म्हणजे काहीही कॉस्ट ऑब्जेक्ट होऊ शकते?

ज्याचा खर्च जाणून घ्यायचा आहे ते काहीही: एखादा माल, ऑर्डर, ग्राहक, डिलिव्हरीची एक फेरी, नवा प्रकल्प. ‘भाजणी विभागावर महिन्याला किती जातात?’ असा प्रश्न असेल तर भाजणी हे सेंटर त्या वेळी स्वतःच ऑब्जेक्ट होते. आणि ‘एक किलो मसाला कितीला पडतो?’ असे विचारले तर तो किलो युनिटही आहे आणि ऑब्जेक्टही. म्हणूनच हे तीन शब्द तीन वेगळ्या कप्प्यांसारखे समजू नका. ऑब्जेक्टचे वर्तुळ मोठे, बाकी दोन त्यात येऊ शकतात.

मिरचीचे ‘एक पोते’ कॉस्ट सेंटर म्हणून लिहिले तर मात्र चूक. पोत्यात खर्च घडत नाही आणि कोणी त्याचा जाब देत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये मसाल्याचे काम निम्म्यावर येते. मग दर वाढवायचा का?

वर्षभराचा मसाला घरोघरी उन्हाळ्यात होतो, पावसाळ्यात काम मंदावते. समजा १०० ऐवजी ५० घाणेच झाले. भाजणीच्या ७०,००० मधला गॅस निम्मा होईल, १८,०००. बाकीचे ३४,००० साधारण तेवढेच राहतील असे धरू. ५२,००० भागिले ५० म्हणजे घाण्याला १,०४० रुपये.

हा दर मालावर टाकला तर मसाला अचानक किलोला १७ रुपयांनी महाग दिसतो. मालक भाव वाढवतो, गिऱ्हाईक आणखी कमी होते. भाजायच्या पद्धतीत तर काहीच बदललेले नाही, फक्त कढया रिकाम्या बसल्या. म्हणून स्थिर खर्चाचा दर नेहमीच्या क्षमतेवर, म्हणजे १०० घाण्यांवरच ठेवतात: स्थिर ३४० अधिक गॅस ३६०, तेच ७००. न वसूल झालेले १७,००० मालाच्या किमतीत न घालता थेट नफा-तोटा खात्यात जातात. भारतातल्या कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचे अप्रत्यक्ष उत्पादन खर्चाचे मानक, सीएएस-३, स्थिर खर्चासाठी हीच दिशा दाखवते.

प्रॉफिट सेंटर आणि कॉस्ट सेंटर एकच का?

नाही. कॉस्ट सेंटरच्या प्रमुखाकडे फक्त खर्चाचा जाब मागतात. प्रॉफिट सेंटरला स्वतःची विक्रीही असते. कांडप विभागाने बाहेरच्या लोकांची मिरची पैसे घेऊन कुटून द्यायला सुरुवात केली आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवला, तर तो प्रॉफिट सेंटर होऊ शकतो.

टॅलीमध्ये हे कसे लावायचे?

TallyPrime मध्ये F11 दाबून `Enable Cost Centres` ला Yes करा. मग Create मधून Cost Centre निवडून भाजणी, कांडप, पॅकिंग, देखभाल ही नावे टाका. वीज, गॅस, भाडे या लेजरमध्ये कॉस्ट सेंटर लागू असल्याचे Yes करा. व्हाउचर भरताना रक्कम कोणत्या केंद्रावर किती, हे विचारले जाईल.

एक सावधगिरी बाळगा. कॉस्ट सेंटर म्हणून तिथे काहीही नाव टाकता येते: सेल्समन, गाडी, ऑर्डर, अगदी ‘मिरची पूड’सुद्धा. सॉफ्टवेअर हरकत घेत नाही. एकाच यादीत ‘भाजणी’ आणि ‘मिरची पूड’ शेजारीशेजारी बसली की विजेच्या बिलाचा काही भाग विभागावर आणि काही मालावर पडतो, आणि कोणताच रकाना पूर्ण खर्च दाखवत नाही. विभाग आणि ऑर्डर दोन्ही हवे असतील तर Cost Category वापरून दोन वेगळे गट करा. मग तीच रक्कम दोन्ही बाजूंनी पाहता येते.

आणि देखभालीचे ३०,००० फिटरच्या तासांवर वाटायचे काम टॅली आपोआप करणार नाही. ते तास वहीतून काढून जर्नल एंट्री तुम्हालाच मारायची आहे.